हत्तीपाय आणि लातूरचं स्थळ

मला हत्तीपाय झाल्याची बातमी जळकोटहून लातूरला पोचली तेव्हा मी नांदेडला माझ्या दुकानात उभी होते आणि माझे दोन्ही पाय ठणठणीत होते. बातमी पोचवणारा माझा सख्खा मामा. त्याचा तरी काय दोष म्हणा. सांगितलं मीच होतं.

मी आणि माझी कॉलेजातली मैत्रीण मिळून थ्रीडी प्रिंटिंगचं दुकान चालवतो. प्लॅस्टिकची तार वितळवून मशीन थरावर थर देत वस्तू उभी करते. मिक्सरची बटणं, फवारणीपंपाचे दट्टे, कॉलेजच्या पोरांचे प्रोजेक्ट, काय येईल ते आम्ही करतो. घरात माझ्या कामाबद्दल फार कुणाला समजत नसे. आई शेजारणींना "कॉम्प्युटरचं हाय काहीतरी" एवढंच सांगायची.

त्या वर्षी मामाच्या पेरणीयंत्राच्या बियाण्याच्या चकत्या तुटल्या. ताटलीसारखी गोल चकती, कडेनं भोकं. ती पेटीच्या तळाशी वाटीत बसते, फिरते, आणि एकेका भोकातून हरभऱ्याचा एकेक दाणा खाली सोडते. कंपनीनं ते मॉडेल बंद केलेलं. मामानं एक जुनी चकती आणि रिकामी पेटी दुकानात आणून ठेवली आणि म्हणाला, "अश्शाच पाहिजेत. हरभरा पेरायचाय, रान वाळून राहिलंय."

मी चकत्या काढल्या. उन्हात राहणारी वस्तू म्हणून पीईटीजी नावाच्या चिवट प्लॅस्टिकच्या काढल्या. साधं प्लॅस्टिक उन्हात मऊ पडतं. दिसायला चकत्या सुरेख. पण पेटीत बसेनात. हात लावून पाहिलं तर खालच्या कडेला सगळीकडून एक बारीक ओठ बाहेर आलेला. अर्ध्या मिलिमीटरहून कमी, पण वाटी अगदी मापाची, तिला तेवढंही चालेना. शिवाय भोकं वरून बरोबर आणि तळाशी आवळलेली. दाणा आत जायचा आणि तिथंच अडकून बसायचा. आमच्या धंद्यात याला हत्तीपाय म्हणतात. हत्तीचा पाय जमिनीवर कसा पसरलेला असतो, तसा.

हा आजार मीच लावून घेतला होता. थंडी पडायला लागल्यावर सकाळी शटर उघडं असताना वाऱ्यानं वस्तूंच्या कडा मशीनच्या तळाच्या पाटीवरून उचलल्या जात होत्या. म्हणून मी पाटी चांगली नव्वद अंशांपर्यंत तापवली आणि वितळलेली तार सोडणारं नोझल आणखी खाली आणून पहिला थर दाबून बसवायला लागले. कडा उचलायच्या थांबल्या. पण पहिला थर दाबला गेल्यानं बाहेर पसरायचा, आणि खालून पाटी इतकी गरम की तळाचे थर आळायचेच नाहीत. वरून पुढच्या थरांचं वजन येई आणि ते आणखी फुगत. सर्दीवर घेतलेल्या औषधानं पोट बिघडावं तसं झालं.

मैत्रीण म्हणाली, "चाकूनं कड तासू." तासली. चकती वाटीत गेली, पण तासणं सगळीकडं सारखं कुठून होणार? फिरताना ती दारुड्यासारखी झोकांड्या खायला लागली. त्या चकतीनं पेरलं असतं तर मामाच्या रानात एका जागी दोन दाणे आणि दुसरीकडं भुईच राहिली असती.

नेमका तेव्हाच मामाचा फोन आला. तो ट्रॅक्टरवर होता. इंजिनाच्या आवाजात त्याला ऐकू जावं म्हणून मी बेंबीच्या देठापासून ओरडले, "मामा, थोडं थांबा! हत्तीपाय झालाय!"

"आँ? कुणाला?"

मी चकत्यांच्या ढिगाकडं बघत म्हणाले, "सगळ्यांनाच! एकही सुटली न्हाई!"

"अगं, तुझ्या आईला बी?"

तेवढ्यात फोन कटला. मला वाटलं, मामा थट्टा करतोय.

आता सांगायचं म्हणजे, त्याच रविवारी लातूरचं एक स्थळ मला बघायला येणार होतं आणि ते स्थळ मामानंच आणलेलं होतं. मामा खोटं बोलणारा माणूस नाही. त्यानं मामीला सांगितलं. मामी म्हणाली, लपवून लग्न लावलं तर पुढं पोरीचेच हाल होतील. आईला विचारायचा धीर होईना, म्हणून दोघांनी मिळून थेट लातूरला फोन केला. मुलाची आई येणं रद्दच करणार होती, पण मुलाची आत्या आरोग्य खात्यातून निवृत्त झालेली नर्स. ती म्हणाली, "हत्तीपाय म्हणजे काय विटाळ हाय का? औषध हाय त्याला. मी स्वतः बघते."

यातलं काहीच आमच्या कानावर आलं नाही.

आम्ही मात्र खरोखरच उपचाराला लागलो होतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, असं ठरवलं. आधी नोझल थोडं वर घेतलं आणि चकतीऐवजी चौकोनी ठोकळे काढून पाहिले. ओठ कमी झाला. हुरूप येऊन आणखी वर घेतलं, तर पहिला थर सुटा सुटा पडायला लागला, ताटात वाळत घातलेल्या शेवयांसारखा. परत जरासं खाली आलो. रेघा एकमेकींना चिकटतात पण चेपत नाहीत, अशी जागा सापडली. मग पाटीची उष्णता. पहिल्या थराला ऐंशी, आणि तो बसला की पुढं सत्तर. उष्णता कमी केल्यावर कडा पुन्हा उचलतील ही भीती होतीच, म्हणून पाटी भांड्याच्या साबणानं घासून धुतली आणि शटर अर्धं खाली ओढलं. आमच्या बोटांचं तेलच तिथं चिकटू देत नव्हतं, हेही तेव्हा लक्षात आलं. ते आधी कळलं असतं तर एवढी पाटी तापवलीच नसती. ठोकळ्याला व्हर्नियर लावून माप घेतलं. तळ आणि माथा सारखे.

रविवारी सकाळी पहिली खरी चकती मशीनला लावली, मैत्रिणीला तिथं बसवलं आणि मी घरी जाऊन साडी नेसले.

पाहुणे आले. मामा त्यांच्याबरोबर. त्याच्या हातात सुजेवर बांधायला एरंडाच्या पानांचा भारा होता. माझ्याकडं त्यानं असं पाहिलं की जणू मी तिरडीवरच आहे. पोहे आले, चहा आला, पण माझ्या तोंडाकडं कुणी बघेना. सगळ्यांच्या नजरा साडीच्या काठावर. मुलाची आई तर आईच्या पायांकडं बघायची, मग वडलांच्या, मग पुन्हा माझ्या. वडलांनी घाबरून पाय खुर्चीखाली घेतले. मोज्याला भोक होतं, तेच दिसलं असं त्यांना वाटलं.

शेवटी आत्या म्हणाल्या, "बाई, साडी जरा वर घे."

आई म्हणाली, "अहो, हे काय?"

"लाजायचं काम न्हाई. मी अशे लई पाय बघितलेत." असं म्हणून त्या सरळ खाली बसल्या आणि माझ्या घोट्यावर अंगठा दाबून धरला. अंगठा काढला, जागा निरखली. दुसरा घोटा दाबला. मग वर बघून विचारलं, "रातच्याला रक्त तपासलं का? ते किडे दिवसा रक्तात सापडत न्हाईत."

"कसले किडे?"

"हत्तीपायाचे. तुझ्या मामानं सांगितलं ना, समद्या घराला झालाय."

आईनं मामाकडं पाहिलं. मामानं माझ्याकडं पाहिलं. मग माझ्या डोक्यात ट्रॅक्टरचं इंजिन सुरू झालं, आणि मला जे हसू फुटलं ते आवरेना. बघायच्या कार्यक्रमात मुलीनं असं हसायचं नसतं, हे आई डोळ्यांनी सांगत होती. मी कसंबसं म्हणाले, "आत्याबाई, तो रोग चकत्यांना झालाय. मला न्हाई."

कुणालाच पटलं नाही. "चकत्यांना रोग" हे ऐकून मुलाच्या आईला आता माझ्या डोक्याचीही काळजी वाटायला लागली. तेव्हा वडील पहिल्यांदा बोलले, "चला, दुकानातच जाऊ. इथून लांब न्हाई."

असा आमचा सगळा लवाजमा दोन ऑटोंत बसून दुकानात आला. मी जुन्या, फुगलेल्या चकतीची कड आत्याबाईंच्या बोटाखाली दिली. त्यांनी घोटा तपासावा तशीच ती तपासली. मुलाच्या आईला मी सांगितलं, "भाकर थापताना हात जास्त दाबला की कड पसरते ना? तसं आहे. आणि त्यात खालून तवाही फार तापलेला."

"मग पीठच पातळ असंल," त्या म्हणाल्या. पण चेहरा सैल झाला होता.

तेवढ्यात मैत्रिणीनं नवी चकती निवलेल्या पाटीवरून अलगद सोडवून आणली. मामानं ती हातात घेतली, पेटीवर धरली आणि सोडली. टक् करून ती वाटीत जाऊन बसली. त्यानं बोटानं फिरवली. तिला ना झोकांडी, ना घासल्याचा आवाज. मैत्रिणीनं हरभऱ्याचे दाणे टाकले, आणि मामा फिरवत गेला तसा एकेक दाणा खाली फरशीवर पडत गेला. आत्याबाई म्हणाल्या, "बरा झाला बगा पेशंट."

सगळे पेटीभोवती जमलेले असताना मुलगा माझ्याजवळ आला. घरात तो एक शब्द बोलला नव्हता. हळूच म्हणाला, "एक सांगू का? रागावणार नसाल तर."

"सांगा."

"हत्तीपायाचं ऐकून मी मनातून खूश झालो होतो. वाटलं, घरचेच नको म्हणतील. कॉलेजापासून माझ्या मनात एक जण आहे. घरी सांगायची हिंमत होत नाही."

मला राग यायला हवा होता. पण सकाळपासून माझ्या घोट्यांवर अंगठे दाबले जात होते. रागाला जागाच उरली नव्हती. मी आत्याबाईंकडं बोट दाखवलं. "त्यांना सांगा. त्या कशालाच घाबरत न्हाईत."

परतीच्या वाटेवर त्यानं सांगितलं असावं. कारण दुसऱ्याच दिवशी आत्याबाईंचा आईला फोन आला. आधी माफी मागितली, मग सगळं खरं सांगितलं, आणि शेवटी विचारलं की त्यांच्या शिलाई मशीनच्या चाकाची मूठ तुटलीय, ती पोरगी करून देईल का. आई दिवसभर फुरंगटून होती. संध्याकाळी मात्र तिनं शेजारणीला माझं काम पहिल्यांदाच नीट समजावून सांगितलं, पाटीच्या अंशांसकट. अंश तिनं चुकीचे सांगितले. मी दुरुस्त केले नाहीत.

मामाला मात्र ते स्थळ फार आवडलं होतं. पेरणी झाल्यावर काही दिवसांनी त्याचा फोन आला, तेव्हाही त्याच्या आवाजात ती हळहळ होती. "स्थळ गेलं बग हातचं," तो म्हणाला. मग जरा थांबला आणि राहवेना म्हणून सांगूनच टाकलं, "पर हरभरा उगवलाय का! दोरी लावल्यावानी."