गुलाबी दिसलं, जांभळं लिहिलं

नव्वदच्या दशकात मी बारामतीच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होते. आमच्या विभागप्रमुखांची एक पद्धत होती. प्रयोग गुरुवारी असला तरी त्याची निरीक्षणं ते सोमवारीच फळ्यावर लिहून द्यायचे. मुलं ती जर्नलमध्ये उतरवून घ्यायची आणि गुरुवारी सूक्ष्मदर्शकात डोकावायची, तेही सर बघत असले तरच. सरांचं म्हणणं असं की विद्यार्थ्यांचा गोंधळ होता कामा नये. आणि गोंधळ कधी झालाच नाही, कारण कोणी काही पाहतच नव्हतं.

वाढीच्या आलेखाचंही तेच. जिवाणू ताज्या पोषक रश्श्यात सोडायचे, ठरावीक वेळाने नळीतला गढूळपणा यंत्रावर मोजायचा, की चार टप्प्यांचा आलेख निघतो. आमच्याकडे आधी आलेख निघायचा आणि मग त्याला शोभतील असे आकडे तक्त्यात भरले जायचे. मधे वीज गेली, उबवणपेटी थंड पडली, तरी जर्नलमधले जिवाणू न चुकता वाढायचे.

मी माझ्या तुकडीला तीनच रकान्यांचा तक्ता आखायला लावला: वेळ, गढूळपणा आणि रंगवल्यावर काय दिसलं. चार टप्पे सांगताना मी इंदापूरचा आठवडे बाजार घेतला. सकाळी माणसं आली आहेत, पण अजून ताडपत्र्या बांधताहेत, माल मांडताहेत. विक्री शून्य, तयारी जोरात. हा पहिला टप्पा, इथे जिवाणूंची संख्या वाढत नाही. मग गर्दी उसळते, एकाचे दोन, दोनाचे चार, हा दुसरा. दुपारी जेवढी माणसं येतात तेवढीच निघतात, तो तिसरा. आणि मग अन्न संपलं, घाण साचली, की पालं उठायला लागतात, तो शेवटचा. यंत्राला मात्र मेलेले आणि जिवंत सारखेच दिसतात, त्यामुळे शेवटच्या टप्प्यात नुसत्या गढूळपणावर विसंबू नका, हेही सांगितलं. तपासायला जिवाणू घ्यायचे ते दुसऱ्या टप्प्यातले, ताजे.

ग्रॅमची रंगपद्धत मुलांना मंत्रासारखी पाठ होती. आधी जांभळा रंग, मग आयोडीन, मग अल्कोहोलने धुणं, शेवटी गुलाबी रंग. ज्यांची भिंत जाड ते जांभळा रंग धरून ठेवतात, त्यांना ग्रॅम-पॉझिटिव्ह म्हणायचं. ज्यांची पातळ, त्यांचा जांभळा अल्कोहोलबरोबर निघून जातो आणि ते गुलाबी होतात. पण जाड भिंतीचे जिवाणू म्हातारे झाले की भिंत कुरतडल्यासारखी होते, रंग धरवत नाही, आणि तेही गुलाबी दिसायला लागतात. हे सांगितलं तेव्हा मुलांनी एकच विचारलं, हे परीक्षेत येतं का?

इंदापूरहून एसटीने येणारी एक मुलगी मात्र हे लिहून घेत होती. तिच्या आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती, आता ऊस आणि दोन म्हशी. कॉलेजला पाठवताना चुलत्याने अट घातली होती, एक जरी विषय राहिला तरी शिक्षण बंद. अट ती हसत सांगायची, पण तिच्या वर्गातल्या दोघी अशाच घरी बसल्या होत्या.

प्रात्यक्षिक परीक्षा आली. विभागप्रमुखांनी तयारी चोख ठेवली, म्हणजे नळ्यांमध्ये जिवाणूंचं कल्चर कितीतरी दिवस आधीच वाढवून त्या कपाटात लावून टाकल्या. अ नळीत नेहमीप्रमाणे जाड भिंतीचा, दांडक्यासारखा बॅसिलस, ब नळीत पातळ भिंतीचा. अ जांभळा, ब गुलाबी, हे सगळ्या वर्गाला जन्मापासून ठाऊक असल्यासारखं होतं. नळीत काय आहे ते ओळखायला सूक्ष्मदर्शक लागतच नव्हता.

बाहेरून आलेले परीक्षक गृहस्थ सकाळपासून जेवणाची चौकशी करत होते. त्यांनी उत्तरपत्रिकांवरून नजर फिरवली. सगळीकडे 'अ: जांभळे दांडके, ग्रॅम-पॉझिटिव्ह'. मग इंदापूरच्या मुलीची पत्रिका आली. निरीक्षणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'बहुतेक गुलाबी, काही जांभळे, आत रंग न घेतलेले अंडाकृती ठिपके.' निष्कर्ष: 'कल्चर जुनं असावं. बॅसिलस वाटतो, म्हणजे मूळचा ग्रॅम-पॉझिटिव्ह. ताज्या कल्चरवर पुन्हा करावं.'

परीक्षकांनी शून्य दिलं. बाकी सगळ्यांना जांभळं दिसलं, हिलाच कसं गुलाबी? अल्कोहोल जास्त वेळ ओतलं असणार, म्हणाले. तशीही चूक होते, ते खरं आहे. मी म्हटलं, मग एकदा स्लाईड बघा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना भांडी घासायला सांगितली होती. पण उठले, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, बराच वेळ हं हं केलं, आणि जाहीर केलं की जांभळंच आहे.

मुलगी पुढे झाली. "सर, आरसा भिंतीकडं हाय. उजेड आत येत न्हाय." तिने सूक्ष्मदर्शकाखालचा आरसा खिडकीकडे वळवला. "आता बघा."

मला हसू दाबता आलं नाही. विभागप्रमुख खिडकीबाहेर बघायला लागले.

आता परीक्षकांना गुलाबी दिसलं, तसे ते आणखी चिडले. चूक तिच्या हाताची की नळीची, हे कशावरून? मुलीने तिथल्या तिथे बीजाणू, म्हणजे अन्न संपल्यावर जिवाणूच्या आत तयार होणारे ते अंडाकृती ठिपके, रंगवायची परवानगी मागितली. मी होय म्हणून टाकलं, विचारलं कोणाला नाही. तिने अ नळीतून काचेवर नवा लेप केला, त्यावर हिरवा रंग टाकून स्लाईड वाफेवर धरली, रंग सुकू न देता वरून घालत राहिली, पाण्याने धुतली, मग गुलाबी रंग दिला. परीक्षकांनी पाहिलं. गुलाबी दांडक्यांच्या आत ठसठशीत हिरवे बीजाणू. अल्कोहोलचा इथे संबंधच नव्हता, आणि ब नळीतल्या जिवाणूला बीजाणू होतच नाहीत.

"मग गुलाबी का?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"म्हातारं झालंय कल्चर, सर. शेवटच्या टप्प्यातलं हाय. भिंतीला रंग धरवंना."

मला इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले. परीक्षकांच्या लक्षात मात्र वेगळीच गोष्ट आली. हिचं बरोबर, तर बाकी सगळा वर्ग शून्य. त्यांनी विभागप्रमुखांना विचारलं, नळीत गुलाबी असताना सगळ्यांना जांभळं कसं दिसलं?

"त्यांचा अभ्यास पक्का आहे," विभागप्रमुख म्हणाले.

दोघांनी कोपऱ्यात जाऊन तोडगा काढला. निष्कर्षाचा रकाना सगळ्यांचाच ग्रॅम-पॉझिटिव्ह, तेव्हा फक्त तोच तपासायचा. निरीक्षणाला गुण नाहीत. शून्य खोडलं, सगळ्यांना एकसारखे गुण दिले आणि जेवायला गेले.

मी तिला बाहेर गाठलं आणि सांगितलं, सगळ्यांना एकसारखे गुण मिळालेत, तूही पास झालीस, शिक्षण बंद होत नाही. तिने ओढणीने तोंड पुसलं. एसटीची वेळ झाली होती, तरी ती थांबली.

"मॅडम, मला दिसलं ते लिहिलं, त्याचे मार्क मिळाले. मग बाकीच्यांना कशाचे मिळाले?"

मी तिला म्हटलं, पळ, गाडी चुकेल.