घमापुरच्या कप्तानाने काढलेली चिठ्ठी

लढाईच्या वर्षी रांझीत आठ संघांची हॉकी स्पर्धा झाली. तिचा सचिव मी होतो. गेल्या वर्षीचे विजेते, म्हणजे आमच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीचा संघ, आणि उपविजेते ड्रॉच्या दोन टोकांना ठेवले होते. बाकी सहा क्लबांच्या चिठ्ठ्या डब्यात टाकल्या. पहिली चिठ्ठी विजेत्यांसमोर जाईल, हे मी मोठ्याने वाचून दाखवलं. घमापुरचे कप्तान तेव्हा समोसा खात होते. ‘पहली मैं निकालूँगा,’ म्हणत त्यांनी हात घातला आणि स्वतःच्याच क्लबचं नाव काढलं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या क्लबची मागणी आली: ड्रॉ पुन्हा करा.

मी सर्व क्लबांसाठी पत्राचा मसुदा लिहिला: ड्रॉ तोच राहील. चिठ्ठ्या सर्व प्रतिनिधींसमोर निघाल्या. सामने पाहून फॅक्टरीने खेळाडूंच्या पाळ्या बदलून दिल्या आणि लढाईच्या कामात त्या पुन्हा बदलणार नाहीत. एका क्लबसाठी ड्रॉ फिरवला तर उद्या दुसराही मागेल. शेवटी, घमापुरची चिठ्ठी कोणी काढली तेही लिहिलं.

पाठवण्याआधी मसुदा घमापुरच्या कप्तानांना दाखवला. वाचून ते खुर्चीतच खचले. ‘भैया, ड्रॉ राहू द्या. पण हे शेवटचं काहून लिहून राहिले? पोरांना मी सांगितलं, चिठ्ठी तुम्ही काढली.’

‘मग काय लिहू?’

‘लिहा, निघाली.’

मी तसंच लिहिलं. सामना ते मोठ्या फरकाने हरले. नंतर घमापुरच्या संघाने सगळ्यांशी हात मिळवले, मला सोडून. कप्तानांनीही नाही मिळवला.