एकट्यासाठी वाचलेला शिलालेख

कलिंगातल्या तोसली नगरातल्या चुंदीकाकीला वाचता येत नव्हतं, पण खडकावरचा लेख तिला त्या पुसदतापेक्षा चांगला पाठ होता. पुसदत म्हणजे सरकारी वाचक. तिष्य म्हणजे पुष्य नक्षत्राच्या दिवशी तो खडकातून कोरून काढलेल्या हत्तीखाली उभा राहून राजाची आज्ञा मोठ्यानं वाचायचा. लोक उन्हात ऐकायचे आणि काकी त्यांना कुरमुरे विकायची. लेख संपत येई तसे लोक जेवणाला पळत. पुसदतालाही भूक लागे. शेवटच्या ओळी तो तोंडातल्या तोंडात गिळून टाकायचा. काकी मात्र टोपली रिकामी होईपर्यंत तिथेच, म्हणून तिला त्यासुद्धा ठाऊक.

याच राजानं कलिंग जिंकलं, त्या युद्धात तिचे दोन भाऊ गेले. एक मेला, दुसऱ्याला बांधून नेलं, तो अजून नेलेलाच आहे. एकदा दूर पश्चिमेकडच्या सोरठचा एक व्यापारी आला. म्हणाला, "आमच्याकडच्या खडकावर राजानं लिहिलंय, कलिंग जिंकताना लाखभर मेले, दीड लाख धरून नेले, त्याचं मला फार वाईट वाटतं."

काकी म्हणाली, "हो का? आमच्या खडकावर तर ते नाही. ज्यांना मारलं त्यांना सोडून बाकी जगाला सांगितलं म्हणायचं!"

लोक हसले, पण हळू.

आता मुद्द्यावर येतो. तिचा नवरा नंदुक हत्तींचे दोर वळायचा. एक दिवस त्यानं रस्त्यावर दोर ताणून ठेवला आणि नगराचे न्यायाधिकारी अरिट्ठ, आपले महामात्र, घाईघाईत त्यावर अडखळले. नंदुक बोलून गेला, "जरा खाली बघून चालावं, साहेब!" झालं! चौकशी नाही, साक्ष नाही, थेट बंदीखाना.

बारा दिवस झाले. काकी पुसदताकडे गेली.

"पुढचं तिष्य कधी रे?"

"पंधरा दिवसांनी."

"तोवर माझा म्हातारा आत कुजेल. उद्या वाच."

"उद्या? काकी, उन्हानं डोकं फिरलं का? तिष्यालाच वाचायचं असतं."

"शेवटी काय लिहिलंय? तिष्यांच्या मधेसुद्धा वेळप्रसंगी वाचावं, ऐकणारा एकटा असला तरी. तू गिळतोस ना, ती ओळ!"

पुसदत गोरामोरा झाला. गुपचूप खडकापाशी जाऊन बघून आला. ओळ होती.

"बरं, एकटीसाठी वाचतो. बस तिकडे."

"मला कशाला? मला पाठ आहे. लेख लिहिलाय कुणाला? नगरातल्या न्यायाधिकाऱ्यांना. मग तो ऐकणारा एकटा म्हणजे अरिट्ठ. जा, बोलावून आण."

बिचारा पुसदत दोन दिवस जेवला नाही म्हणतात. मी म्हणतो, एकच दिवस, कारण दुसऱ्या दिवशी त्याला भात खाताना मी पाहिलंय. पण गेला. राजाची आज्ञा ऐकायला नाही म्हणायची हिंमत अरिट्ठांचीही नव्हती. दर पाच वर्षांनी राजाचा माणूस तपासणीला येतो, कठोर नव्हे, मऊ बोलणारा. आणि मऊ बोलणाऱ्याला लोक सगळं सांगून टाकतात.

अरिट्ठ आले. काकी टोपलीजवळ बसली. सगळं गाव योगायोगानं तिथंच फिरायला आलं होतं.

पुसदतानं सुरुवात केली. "सगळी माणसं माझी लेकरं आहेत. लेकरांचं इहपरलोकी कल्याण व्हावं असं मला वाटतं, तसंच सर्वांचं..." मग आलं, "एखादा माणूस अकारण बंदीत पडतो, छळला जातो, आणि त्याच्यामुळे आणखी कितीतरी लोक दुःखी होतात."

काकी पुटपुटली, "एक तर इथंच बसलीय."

"मध्यममार्गानं वागा. मत्सर, चटकन येणारा राग, निष्ठुरपणा, उतावीळपणा..."

"वाच लवकर, मला कामं आहेत!" अरिट्ठ ओरडले.

 पुसदत घाबरला, पण ताडपत्रावर नव्हे, दगडावर लिहिलेलं, बदलणार काय? त्यानं पुढचे शब्द वाचले, "...सरावाचा अभाव, आळस आणि थकवा, यांनी न्याय होत नाही."

अरिट्ठांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी हत्तीकडे बघितलं, मग काकीकडे.

"तुझा नवरा का, तो दोरवाला?"

"हो. तोंडानं वाईट आहे, पण चोर नाही."

"तोंड..." त्यांनी उपरणं सारखं केलं. "त्या दिवशी मीच घाईत होतो. अकारण म्हणता येईल." मग कारकुनाकडे वळून म्हणाले, "सोडा त्याला. दोर रस्त्यावर ताणू नको म्हणावं."

"म्हणीन मी. तुम्ही म्हटलंत तर पुन्हा उलट बोलेल," काकी म्हणाली.

अरिट्ठ हसले. खरं सांगतो, मी पाहिलं. हसणारा न्यायाधिकारी तोसलीनं त्यापूर्वी पाहिला नव्हता.

नंदुक संध्याकाळी घरी आला. पेजेचा वाडगा घेऊन बसला आणि पहिल्या घोटाला म्हणाला, "मीठ कमी आहे."

"बंदीखान्यात बरं होतं का मीठ?"

"तिथं मी मागितलं नाही," तो म्हणाला. मग गुपचूप रिकामा वाडगा पुन्हा पुढे केला.