हुद्दा : भाऊ

अर्जदार : पुरुष, वय सत्तेचाळीस, उंची मध्यम, प्रकृती ठीक, चष्मा जवळचा. शिक्षण : वाणिज्य शाखेची पदवी, द्वितीय श्रेणी. अनुभव : नळ, पाइप व तत्सम साहित्याच्या घाऊक व किरकोळ विक्रीत चोवीस वर्षे. वैवाहिक स्थिती : विवाहित. छंद : वाचन.

शेवटची बाब सोडली तर सगळे खरे होते.

अर्जदाराला बाजारपेठ धाकटे म्हणत असे. वडिलांमागे दुकान दोघा भावांनी चालवले. त्यामुळे एक थोरले, एक धाकटे. पुढे थोरल्यांची दोन्ही मुले कॉलेज संपवून दुकानात आली आणि गल्ल्यामागच्या बोळात चार माणसे आणि एक टेबलफॅन अशी वस्ती झाली. एक पुतण्या कॉम्प्युटरवर बिले करी, दुसरा फोनवर ऑर्डरी घेई. धाकटे मधे उभे राहून दोघांना जाण्यायेण्यासाठी जागा करून देत. हे काम फार दिवस पुरणारे नाही, हे त्यांना कळत होते.

एका खासगी रुग्णालयाला दुरुस्ती-देखभालीच्या सामानासाठी स्टोअरकीपर हवा होता. जाहिरात धाकट्यांच्या बायकोने पाहिली. ती शाळेच्या कार्यालयात लेखनिक होती आणि अर्ज कसा नसावा हे रोज पाहत होती. जेवणे झाल्यावर टेबल पुसून तिने मुलीचा लॅपटॉप उघडला.

“हुद्दा काय लिहू?”

“लिही ना काहीतरी.”

“काहीतरी असा हुद्दा नसतो. दादा तुम्हाला काय म्हणतात?”

“अरे म्हणतात.”

“मग भाऊ असं लिहू? बरं, शेवटचा पगार?”

“पगार कुठे असतो आपल्यात. लागेल तसं घेतो गल्ल्यातून.”

“हे असंच लिहिलं तर बोलावणं रुग्णालयातून नाही, पोलीस चौकीतून येईल,” ती म्हणाली आणि पगाराची जागा कोरी ठेवली. “काम काय करता?”

“गिऱ्हाईक बघतो.”

“ते समोरच्या फुटपाथवरूनही बघता येतं, अहो.”

मग खोदून खोदून तिने काढून घेतले : कुठला माल संपत आलाय हे बघणे, कुठला पडून आहे तो कंपनीच्या गळ्यात परत मारणे, सदोष नळ बदलून आणणे, दर घासणे. तिने लिहिले : साठा नियंत्रण, पुरवठादारांशी समन्वय, खरेदी. हुद्द्यापुढे आपल्या अधिकारात टाकले : व्यवस्थापक, विक्री व साठा. धाकट्यांनी ते दोनदा वाचले. चोवीस वर्षांत झालेली ही पहिलीच बढती होती.

मुलाखत बरी झाली. स्वतःचे दुकान का सोडता, असे विचारल्यावर धाकट्यांनी बायकोने पढवलेले “नव्या संधींसाठी” हे उत्तर दिले. मग समोरच्या तिघांकडे पाहून आपल्या पदरचे जोडले, “आता पुतणे मोठे झालेत. दुकान नाही मोठं झालं.” त्यावर तिघांपैकी दोघांनी मान हलवली. कागदोपत्री पडताळणी करून कळवतो, असे सांगितले.

पडताळणीचा फोन दुकानात आला तेव्हा तो थोरल्यांनी उचलला. धाकटे गोदामात होते. परत आल्यावर थोरले खुशीत दिसले.

“तुझ्या त्या दवाखान्यातून बाई बोलत होत्या. विचारतात, हे तुमच्याकडे कामाला आहेत का? मी म्हटलं, कामाला? छे हो. मालक आहे तो. अर्धं दुकान त्याचं. घे, वजन वाढवून ठेवलंय तुझं.”

वाढलेले वजन दुसऱ्या दिवशी कळले. मनुष्यबळ विभागाच्या बाईंचा आवाज मऊ होता.

“सर, बायोडेटात तुम्ही व्यवस्थापक आहात. बंधू म्हणतात, निम्मे मालक. तुमच्या दुकानातून आमच्याकडे माल येतो. पुरवठादारात ज्याचा हिस्सा आहे त्याला आम्ही स्टोअरमध्ये घेऊ शकत नाही. आणि हिस्सा नसेल, तर तसं दुकानाच्या मालकाकडून लेखी लागेल. तुम्ही तिथे कोणत्या नात्याने काम केलंत, तेही. शुक्रवारपर्यंत.”

दुकानाच्या नोंदणीचे प्रमाणपत्र गल्ल्यावरच काचेत लावलेले होते, नियमच तसा आहे. त्यावर थोरल्यांचे एकट्याचे नाव होते. कोणी ते लपवले नव्हते. धाकटे दर आठवड्याला ती काच पुसत. पण घरात, पाहुण्यांत, वहिनींच्या तोंडी, “दोघांचं दुकान” असेच चाले, आणि बोलण्यातला हिस्सा कधी कागदाला विचारायला गेला नव्हता.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक विरळ असताना धाकट्यांनी विषय काढला. पुतण्यांना एकदम चहा आठवला आणि दोघेही तो प्यायला बाहेर गेले.

“म्हणजे मी खोटं लिहून द्यायचं?” थोरले म्हणाले.

“खोटं कुठे, दादा. आहे तसंच लिहायचं.”

थोरल्यांनी वर काचेकडे पाहिले नाही. समोरच्या पाइपच्या कोपरांच्या खोक्यात हात घालून एक कोपर काढला, त्याचे आटे बोटाने फिरवून पाहिले, पुन्हा ठेवला.

“बाबा गेले तेव्हा घाईत झालं रे सगळं. नाव घालायचंच होतं तुझं.”

“माहीत आहे मला.”

“मग घालू की. कराचं बघणाऱ्या वकिलाला सांगतो, भागीदारीचं पत्र करून घेऊ. उद्याच. कशाला हवी नोकरी? या वयात लोकांना सर सर करत बसणार?”

 बोलण्यातला निम्मा हिस्सा पहिल्यांदाच कागदाच्या इतका जवळ आला होता, आणि तो घेतला की नोकरी गेली. हे घरी सांगितले असते तर बायकोने एका श्वासात दोन्ही बाजू मांडल्या असत्या. पण ती शाळेत होती. धाकट्यांनी दुकानाकडे पाहिले. निम्मे म्हणजे नेमके काय, तर पुतण्यांना वाट करून देण्याची निम्मी जागा. आणि दादा ‘उद्या’ म्हणाला होता. या गल्ल्यावरून ‘उद्या’ कोणाला सांगतात, हे धाकट्यांइतके कोणाला माहीत नव्हते : ज्याच्या मालाची ऑर्डरच गेलेली नाही त्या गिऱ्हाइकाला.

“नको, दादा. पत्रच दे.”

“वेगळा निघालास असं म्हणतील लोक.”

“कामावर चाललोय असं सांग.”

पत्र बायकोने आदल्या रात्रीच तयार करून ठेवले होते. थोरले चष्मा कपाळावर ढकलून वाचत गेले आणि एका शब्दाशी थांबले.

“विनावेतन? हे काढ. भावाला फुकट राबवला असं दिसतं. पगार लिही चांगला.”

“पगार लिहिला तर पगारपत्रकं मागतील. ती कुठून आणायची? आपल्या खर्चात कधी दाखवलाच नाही.”

“मग नुसतं मदत करत होता म्हण.”

“तेही आहे पुढच्या ओळीत.”

थोरल्यांनी सही केली. शिक्का मारताना शाई कमी पडली, म्हणून दुसऱ्यांदा दाबून मारला.

सदर पत्रान्वये प्रमाणित करण्यात आले की, उपरोक्त इसमाने या आस्थापनेत चोवीस वर्षे कुटुंबीय या नात्याने विनावेतन सहकार्य केले असून त्यांचा आस्थापनेत कोणताही हक्क, हिस्सा वा हितसंबंध नाही, तसेच त्यांच्या जाण्याने आस्थापनेच्या दैनंदिन कामकाजात कोणताही खंड पडणार नाही.

धाकटे एक तारखेला रुजू झाले. त्यांच्या जागी थोरल्यांनी दोन माणसे ठेवली. दोघांनाही पगार आहे.