रेघांखालचं नाव

काकूंच्या वाटेला सहसा कोणी जात नाही, आणि गेलाच तर पुन्हा जात नाही. गेली अकरा वर्षं मी त्यांच्या साबणाची रॅपर छापतोय, तेव्हा हे मी ऐकीव सांगत नाही. एकदा हिरवा रंग जरासा पोपटी उतरला, तर त्यांनी दोन हजार रॅपर माझ्या टेबलावर परत आणून ठेवली आणि म्हणाल्या, "हा माझा साबण नाही. ज्याचा असेल त्याला द्या." मी पुन्हा छापून दिली. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा पुन्हा छापणं स्वस्त पडतं.

काकू आधी इस्पितळाच्या धुलाईखात्यात होत्या. वीस वर्षं चादरी धुतल्या. तिथल्या पावडरीने हाताची कातडी इतकी सोलवटायची की घरी गेल्यावर कणीक मळताना डोळ्यांत पाणी यायचं. एक दिवस त्यांनी मुकादमाला सांगितलं, "ही पावडर तुमच्या हाताला लावून दाखवा, मग मला द्या." मुकादमाने लावली नाही. काकूंनी नोकरी सोडली आणि घरामागच्या पत्र्याच्या खोलीत खोबरेल तेल आणि कॉस्टिक सोड्याचा साबण करायला घेतला. आज तिथे सात बायका काम करतात. लाकडी साच्यात ओतलेला साबण तारेने कापायचा आणि फळ्यांवर सहा आठवडे मुरू द्यायचा. त्याआधी एक वडी बाहेर जात नाही. काका, म्हणजे त्यांचे यजमान, फळ्यांवर खडूने तारखा लिहितात आणि बाकी मूग गिळून बसतात. संसार कसा टिकला ते यातच आलं.

साबण मुरलाय की नाही हे बघायची काकूंची रीत सोपी आहे. बोट ओलं करायचं, वडीवर फिरवायचं आणि जिभेच्या टोकाला लावायचं. कॉस्टिक शिल्लक असेल तर विजेचा झटका बसावा तशी जीभ चरचरते. नसेल तर नुसती साबणाची चव लागते. मी एकदा करून बघितलंय, चहाची चव दोन दिवस गेली होती.

साबण मोठ्या दुकानांत जायचा तर बारकोड लागतो. त्या काळी हा माल शेठ नावाने ओळखला जाणारा एक वितरक दुकानांपर्यंत पोचवायचा. तो काकूंना म्हणाला, "ते रेघांचं झेंगट तुम्हीच बघा, मला वेळ नाही." काकूंनी बघितलं. बारकोड देणाऱ्या संस्थेचा फॉर्म भरला, कारखान्याची कागदपत्रं जोडली आणि स्वतःच्या नावावर नोंदणी केली. दरवर्षी तिचं नूतनीकरणही त्याच करतात, तारीख चुकत नाही.

मला तेव्हा वाटायचं की रेघा म्हणजे रेघा. काकूंनी मला समोर बसवून शिकवलं होतं. खाली तेरा आकडे असतात. पहिले तीन सांगतात की नोंदणी कुठल्या देशाच्या संस्थेकडे झाली. माल कुठे बनला ते नाही. त्या तिनांसकट पहिले दहा आकडे काकूंच्या कारखान्याचे. दुसऱ्या कंपन्यांचा हा भाग कमीजास्त लांब असतो, पण हे दहा जगात आणखी कोणाला मिळत नाहीत. पुढचे दोन काकू स्वतः ठरवतात: शून्य एक म्हणजे साधा साबण, शून्य चार म्हणजे कडुनिंबाचा, असे एकूण पाच. शेवटचा आकडा आधीच्या बारांचं गणित करून निघतो, यंत्राने वाचताना चूक केली तर ती पकडायला. मी मान डोलावली होती. मान डोलावणं आणि डोक्यात शिरणं यात फार अंतर असतं, हे पुढे कळलं.

मागच्या वर्षी शेठला घाई सुटली. सहा आठवडे कशाला, दहा दिवसांत वड्या द्या म्हणाला. काकू म्हणाल्या, "दहा दिवसांत हवा असेल तर चिखल घेऊन जा." तिथे दोघांचं फाटलं. कडुनिंबाचा सोडून बाकीचे चार साबण काकू स्वतःच दुकानांच्या एका मोठ्या साखळीला देऊ लागल्या. शून्य चारची शिल्लक खोकी शेठकडे होती. ती संपली की तो विषयही संपेल, असं त्यांना वाटलं.

पुढच्याच महिन्यात शेठ माझ्या छापखान्यात आला. हातात शून्य चारचं रॅपर. "हेच छापा. फक्त मागचं बनवणारीचं नाव काढा आणि आमच्या फर्मचं टाका. काकूंशी बोलणं झालंय." माझ्या संगणकात फाइल तयार होती. नाव बदललं, बाकी तसंच ठेवलं. काकूंना एक फोन करायला हवा होता. केला नाही. शेठ मोठं गिऱ्हाईक, त्याला कशाला दुखवायचं, असा माझा भित्रा हिशेब. आणि कोपऱ्यातल्या रेघा? त्या मला नेहमीसारख्या रेघाच दिसल्या.

चार महिन्यांनी काकू दारात उभ्या राहिल्या. टेबलावर एक साबण ठेवला. मी कागद ओळखला, माझाच होता.

"हा आपण छापलाय?" त्या मला एरवी 'अरे' म्हणतात. 'आपण' ऐकून मी उठून उभा राहिलो.

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग काय झालंय ते सांगितलं. शेठ कुठून तरी कच्चा साबण बनवून आणत होता आणि त्याच रॅपरमध्ये घालून त्याच साखळीच्या दुकानांत विकत होता. एका गिऱ्हाइकाच्या लहान मुलीच्या अंगावर चट्टे उठले. साखळीच्या तपासनीस मॅडमनी रॅपरवरचा आकडा संस्थेच्या साइटवर टाकला. नाव आलं काकूंचं. मॅडमनी त्या दहा आकड्यांनी सुरू होणारा सगळा माल सगळ्या दुकानांत बंद करून टाकला. पाचही साबण. गल्ल्यावरचं यंत्र ते आकडे घ्यायचंच नाही. फळ्यांवर सहा आठवड्यांचा माल मुरून तयार, सात बायका हातावर हात धरून बसलेल्या.

"काकू, मी शेठला सांगतो की..."

"तुम्ही शेठला काही सांगू नका. उद्या माझ्याबरोबर यायचं. त्याची ऑर्डर लिहिलेली पावती घेऊन."

त्या रात्री शेठचा मला फोन आला. पावती हरवली म्हण, एवढंच. मी फोन ठेवला. माझ्या आयुष्यातलं शौर्य म्हणजे तेवढंच.

साखळीच्या कार्यालयात लांब टेबल, एका टोकाला संगणक. तपासनीस मॅडम तरुण होत्या, पण बोलणं कापलेल्या वडीसारखं सरळ. शेठ आधीच येऊन बसला होता. आयत्या बिळावर नागोबा, आणि वर फणाही काढलेला.

"मॅडम, या बाई पूर्वी आमच्यासाठी साबण करायच्या," तो म्हणाला. "माल त्यांचाच असणार. आकडाच सांगतोय ना."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या या. मला वाटलं काकू आता तोंड सोडतील. त्यांनी पिशवीतून दोन साबण काढले, एक त्यांच्या फळीवरचा आणि एक शेठच्या खोक्यातला, आणि मॅडमसमोर ठेवले.

"मॅडम, आकडा माझाच आहे. त्याबद्दल वाद नाही. पण नोंदणी कोणाची एवढंच तो सांगतो. आत काय भरलंय आणि कोणी भरलंय, ते आकड्याला माहीत नसतं. ते साबणाला विचारा."

त्यांनी पाण्याच्या पेल्यात बोट बुडवलं, स्वतःच्या वडीवर फिरवलं आणि जिभेला लावलं. तोंड जराही वाकडं केलं नाही. मग शेठचा साबण त्याच्याकडे सरकवला.

"आता तुम्ही."

शेठ हसला. "हे काय खायची वस्तू आहे?"

"मुलीच्या अंगाला लावायची वस्तू आहे. जिभेला लावा."

शेठने साबणाकडे बघितलं आणि हात टेबलाखाली घेतले. मॅडमनी एकदा त्याच्याकडे आणि एकदा टेबलाकडे बघितलं. मी पावती पुढे केली. तीत तारीख होती, शेठची सही होती आणि 'बनवणारीचं नाव काढणे' हे माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं. लाज वाटली, पण बरंही वाटलं.

मॅडमनी पावती वाचून खाली ठेवली. "ठीक आहे. यांचा माल आम्ही परत पाठवतो. पण काकू, तो आकडा आता बदनाम झालाय. कडुनिंबाच्या साबणाला तुम्ही नवा आकडा घ्या ना. शून्य सहा, शून्य सात, तुमच्याकडे पुष्कळ रिकामे आहेत. प्रश्न मिटेल."

"घरात चोर शिरला म्हणून मी घर सोडू?" काकू म्हणाल्या. "शून्य चार माझा आहे आणि माझाच राहणार. परत पाठवायचा तर त्याचा माल पाठवा, माझा आकडा नाही."

शेठने तेवढ्यात गोड आवाज काढला. "काकू, कशाला ताणता? आकडा मला वापरायला देऊन टाका. मी लेखी मागतो, हवं तर. शेवटी रेघाच आहेत त्या."

"तो उसना देता येत नाही, संस्थेचा नियम आहे. आणि येत असता तरी दिला नसता." काकू मॅडमकडे वळल्या. "तो आकडा यांच्यासमोर एकदा टाका."

मॅडमनी आकडे टाकले. पडद्यावर कारखान्याचं नाव, पत्ता आणि नोंदणी चालू असल्याची खूण आली. कारखान्याला काकूंनी स्वतःचंच नाव दिलं होतं, आडनावासकट. फॉर्म भरताना काकांनी विचारलं होतं म्हणे की माझं पण टाकायचं का. उत्तर काय मिळालं असेल ते सांगायला नको.

"वाचा," काकू शेठला म्हणाल्या.

"चष्मा नाही आणला."

"मग पुढे येऊन वाचा. अकरा वर्षं मला 'आमची साबणवाली बाई' म्हणत आलात. नाव काय ते आज कळू द्या."

शेठ उठला. पडद्याशी वाकला, डोळे बारीक केले आणि काकूंचं पूर्ण नाव वाचलं. अडखळत, पण वाचलं. काकूंनी ते पुन्हा वाचायला लावलं नाही, यावरून त्या दयाळू आहेत हे कोणीही मान्य करील.

शेठ गेला, तरी काकू खुर्चीतून हलल्या नाहीत. "माझे पाचही साबण चालू करा, मग उठते." मॅडम म्हणाल्या, सायंकाळपर्यंत होईल. काकू म्हणाल्या, थांबते. तासाभरात मॅडमनी आमच्या समोर शून्य चारचं रॅपर यंत्राखाली धरलं. टूं वाजलं आणि पडद्यावर साबणाचं नाव उमटलं. तेव्हा काकू उठल्या.

आठवड्याने त्या छापखान्यात आल्या. मी क्षमा मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानेच थांबवलं.

"ते राहू दे. कडुनिंबाची दोन हजार रॅपर हवीत. आकडा तोच. रंग हिरवा, पोपटी नाही."

म्हणजे मी पुन्हा 'अरे'त आलो होतो. "आणखी काही बदल?"

"मागचं माझं नाव मोठं कर."

"किती मोठं, काकू?"

"शेठला चष्म्याशिवाय वाचता येईल इतकं."