तलावाच्या जागी खाडी

इंग्रजी लेख मराठी वाचकाच्या अंगणात आणून बसवायचे, हे माझं पोटापाण्याचं काम. लेखकानं अंदाजानं ‘तीस पौंड’ म्हटलं असेल तर सोनाराच्या काट्यावर तोलून १३.६ किलो लिहायचं नाही, ‘तेरा-चौदा किलो’ म्हणायचं. उदाहरण बदलायचं, पण त्याच्याकडून काम तेच करून घ्यायचं. हे मी नव्या लोकांना शिकवते, आणि त्या खेपेला मीच घसरले.

लेख एका परदेशी तलावाबद्दल होता. म्हातारा कोळी सांगतो, माझ्या वेळी तीस पौंडांचा मासा लागायचा. नातवाला पाच पौंडांचाच मोठा वाटतो. प्रत्येक पिढी आपल्या लहानपणी दिसलं तेवढंच भरलेलं समजते, म्हणून किती गेलं ते कुणाच्याच लक्षात येत नाही, असं लेखाचं म्हणणं. पुढे तलावाच्या मोजणीचे आकडे होते. ते तलावाचेच राहणार, खाडीला चिकटवता येत नाहीत. पण सुरुवातीचा म्हातारा बदलता येत होता, आणि माझ्या माहेरी तसा म्हातारा होता.

मी नवी मुंबईच्या खाडीकाठच्या सारसोळ्याची, कोळ्याची मुलगी, लग्नानंतर कामोठ्याला आले. बाबांनी होडी सोडून बरीच वर्षं झाली होती. आता डोळेही गेल्यासारखेच. ते ऐकू शकतात तोवर त्यांची खाडी छापून यावी आणि मी त्यांना वाचून दाखवावी, एवढंच मला हवं होतं. इतकं, की लिहिताना मी दोनदा रडले. खाडीत भराव कसा आला, डंपर कसे लागले, होड्या कशा आडव्या झाल्या, सगळं लिहिलं.

मासिकाच्या संपादकबाई साताऱ्याच्या, बोलणं तुकडा पाडल्यासारखं. म्हणाल्या, “छान लिहिलंयस, पण हे चालायचं नाही. भराव सगळ्या गावानं बघितला. लेख म्हणतोय, कुणाला कळतच नाही. तुझ्या उदाहरणानं लेखच उलटा होतोय. सोमवारपर्यंत दुसरं दे, नाहीतर मूळचा तलावच छापू.”

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. कृष्णाकाठच्या बाईनं मला खाडी शिकवावी! पण घरी जाऊन परत वाचलं, तर बाई बरोबर होत्या. मी लेखाचं म्हणणं बाजूला सारून माझं दुःख आत कोंबलं होतं.

रविवारी बाबांकडे निघाले. वाटेत नेरूळच्या बाजारात जिताडा घेतला, चांगला दोन किलोचा. अशी मासळी आता रोज कुठे मिळते? दारातूनच ओरडले, “बाबा, केवढा मोठा आणलाय बघा!”

बाबांनी डोक्यापासून शेपटीपर्यंत हात फिरवला आणि हसत सुटले. “ह्यो? ह्यो तं पिल्लू हाय गो!”

“मग मोठा केवढा?”

त्यांनी हात पसरले, पुरेनात. मग म्हणाले, “तू पयलीत व्हतीस ना, तवरा. तुला ओट्यावर निजवून बाजूला ठेवला व्हता. तुज्याबरोबर भरला.”

मला काहीच आठवेना. त्या माशाशेजारी मी निजले होते, आणि माझ्या डोक्यात मोठा जिताडा म्हणजे दोन किलोचा! मी पाटी-पेन्सिलीच्या वयाची उंची मनात धरून वजनाचा अंदाज बांधत होते, तेवढ्यात बाबा म्हणाले, “माजा बापूस पन असाच हसला व्हता त्या दिसाला. म्हनला, पिल्लू कशाला मापतंस?”

मी मासा परत पिशवीत ठेवला. लेखातला नातू मी होते.

सोमवारी तीन वाक्यांत दिलं. सारसोळ्याच्या एका कोळ्यानं पहिलीतल्या मुलीएवढा जिताडा धरला, तेव्हा त्याचे वडील ‘पिल्लू’ म्हणून हसले. आज तीच मुलगी दोन किलोचा मासा मोठा म्हणून घरी नेते. आता तो कोळी हसतो. भराव नाही, डंपर नाहीत, रडणं नाही. बाईंनी एकही शब्द हलवला नाही.

अंक आल्यावर बाबांना वाचून दाखवला. तलावाचे आकडेसुद्धा त्यांनी मान डोलवत ऐकले. “खरा लिवलंस,” म्हणाले, आणि आपल्या बापाचं वाक्य पुन्हा वाचायला लावलं.

ज्या खाडीसाठी मी रडले ती आजोबांच्या हिशेबी आधीच उरलीसुरली होती. मला बाबांची खाडी हवी होती. आता आजोबांचीही हवी झाली, जी मी कधी पाहिलीच नाही.

“बाबा,” मी विचारलं, “आजोबांच्या जिताड्याला कोण हसलं होतं?”

बाबांनी अंकावरून हात फिरवला.

“इचारला नाय गो मी कंदी,” ते म्हणाले.