टीझरमधली हळद

फुलचूरच्या रस्त्यावर माझं लग्नपत्रिकांचं दुकान आहे. वीस वर्षं मी पत्रिकाच टाइप करत आले. कोणाचं नाव कुठे घ्यायचं, कोणाच्या आधी 'कैलासवासी' लावायचं, भावकीत कोणाचा नंबर वर, हे मला पाठ झालेलं. अलीकडे लोकांना छापील पत्रिकेआधी मोबाईलवर पाठवायला छोटा व्हिडिओ लागतो. त्याला टीझर म्हणतात. पूर्वी फोटो जोडून, खाली गाणं लावून तो व्हायचा. आता कॉम्प्युटरला काय हवं ते लिहून सांगायचं, की तो आठ-आठ सेकंदांची चित्रं हलवून देतो. त्या लिहून सांगण्याला प्रॉम्प्ट म्हणतात हे मी ऑनलाइन व्हिडिओ बघून शिकले. शिकले म्हणजे काय, अजून शिकतेच आहे.

दवनीवाड्याची एक मुलगी आली होती. नर्सिंग केलेली, बोलायला चटपटीत. तिला हळदीचा टीझर हवा होता.

"ताई, माही आत्या मले हळद लावून राहिली, असं पायजे. मस्त पिवळा उजेड, अन् कॅमेरा एकदम हळू. झटके नको."

तिनं स्वतःचा एक आणि आत्याचा एक असे दोन फोटो पाठवले. आत्याच्या फोटोत फक्त चेहरा होता, पदर कपाळावर ओढलेला, बहुतेक कुठल्या तरी आधार-कामासाठी काढलेला. मी काही विचारलं नाही. पत्रिकेसाठी मी शंभर प्रश्न विचारते. इथे एकही विचारला नाही, कारण मला वाटलं, चित्रच तर आहे.

दोन्ही फोटो जोडून मी लिहिलं: पिवळी साडी नेसलेली मराठी नवरी पाटावर बसली आहे, कपाळावर मुंडावळ्या. शेजारी तिची आत्या, पारंपरिक मराठी बाई, हातात हिरव्या बांगड्या, पितळेच्या वाटीतली हळद आंब्याच्या पानानं नवरीच्या गालाला लावते. वर हिरव्या फांद्यांचा मांडव, पानांतून येणारा सोनेरी ऊबदार उजेड. कॅमेरा हळुवारपणे पुढे सरकतो, चेहऱ्यावर थांबतो.

पहिल्यांदा नवरीला मुंडावळ्यांऐवजी कपाळावर मोठी चमकती बिंदी आली आणि मागे लोक रंग उधळत होते, होळीच जणू. दुसऱ्यांदा आत्याच्या हाताला सहा बोटं. तिसऱ्यांदा मी 'रंग उडवू नये, मागे शांत बसलेल्या बायका' असं घातलं, मुंडावळ्या म्हणजे कपाळावरून दोन्ही कानांशी लोंबणाऱ्या मोत्यांच्या माळा असं सविस्तर समजावलं, आणि ते जमलं. इतकं जमलं की मीच दोन-तीनदा बघत बसले. अक्षरं मात्र मी त्यात कधी मागत नाही. देवनागरीची कॉम्प्युटर खिचडी करतो. नावं, तारीख, गाव मी नंतर वेगळ्या अ‍ॅपमध्ये टाकते. तसं टाकून पाठवलं. मुलीनं लाल बदामांची रांग पाठवली आणि लगेच घरच्या ग्रुपवर टाकलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी एक बाई दुकानात आल्या. साठीच्या आसपास, एसटीनं आलेल्या, हातात कापडी पिशवी. मी ओळखलं, फोटोतल्याच. पण काहीतरी वेगळं होतं आणि काय ते मला पटकन कळेना.

"तूच का व त्या व्हिडिओवाली?"

"हो. बसा ना मावशी."

त्या बसल्या नाहीत. पिशवीतून मोबाईल काढला, पडदा माझ्यासमोर धरला. "हे मीच होय का?"

व्हिडिओ सुरू झाला. आणि तेव्हा मला दिसलं. पडद्यावरच्या आत्याच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होतं, गळ्यात मंगळसूत्र होतं, मनगटभर हिरवा चुडा. समोर उभ्या बाईचं कपाळ मोकळं, गळा मोकळा, हातात एकेक प्लास्टिकची बांगडी.

"मले सतरा फोन आले," त्या म्हणाल्या. "नणंद म्हणते, काऊन वं, लगन केलं का काय? माहा मालक जाऊन बारा वर्सं झाले. कुंकू कोन लावलं मले?"

"मी नाही लावलं, मावशी. मशीननं लावलं."

"मशिनले कोन सांगतलं?"

कोणी सांगितलं? कुंकू हा शब्द मी लिहिलाच नव्हता. मंगळसूत्रही नाही. पण 'पारंपरिक मराठी बाई' लिहिलं होतं, 'हिरव्या बांगड्या' लिहिलं होतं, आणि बाकीचं त्यानं आपल्या मनानं पुरवलं. हे मी त्यांना समजावायचा प्रयत्न केला. समजावताना माझंच डोकं फिरायला लागलं. हिरव्या बांगड्या तरी मी का लिहिल्या? हळद लावणारी बाई म्हटली की माझ्या डोळ्यांसमोर तशीच येते म्हणून. म्हणजे मशीनला मीच सांगितलं होतं, न सांगता.

माफी मागितली. त्या ना रागावल्या, ना हसल्या. "परत लाव," म्हणाल्या. मग स्टुलावर बसल्या आणि परत लावायला सांगितलं. कॅमेरा हळूच पुढे सरकायचा, त्यांचा हात भाचीच्या गालाकडे जायचा आणि उजेड दोघींवर सांडायचा. पाचव्यांदा त्या म्हणाल्या, "चांगली दिसून राहिली ना मी."



"काढून टाक," त्या लगेच म्हणाल्या. "कुंकू काढून टाक."

मी त्यांच्यासमोरच बसले. प्रॉम्प्टमधून हिरव्या बांगड्या काढल्या, 'पारंपरिक' काढलं. लिहिलं: मोकळं कपाळ, मोकळा गळा, फिकट साडी. 'कुंकू नको' असं लिहिलं तर त्या शब्दानंच कधी कधी कुंकू येतं, हे अनुभवानं माहीत होतं, म्हणून तो शब्द टाळला. तरी पहिल्या वेळी कपाळावर तांबूस डाग आला, पुसल्यासारखा. तो बघून त्यांनी मान वळवली. दुसऱ्या वेळी चेहराच कोणा दुसऱ्या बाईचा झाला. मग मी त्यांचा तिथेच दुकानात, खिडकीच्या उजेडात फोटो काढला, कमरेपर्यंतचा, हात दिसतील असा, आणि तो जोडला. चौथ्या वेळी त्या जशा होत्या तशा आल्या. मोकळं कपाळ, एकेक बांगडी, हातात पितळेची वाटी, आंब्याचं पान. उजेड तोच आणि कॅमेराही तसाच हळू.

त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"हाव, आता हे मी होय," त्या म्हणाल्या. मग थांबून, "पन आता हे हळद लावन कशी?"

खरंच, कशी लावणार? त्यांच्याकडे नवरा गेलेल्या बायका नवरीला हळद लावत नाहीत. आधीच्या व्हिडिओत हळद लावणारी खोटी होती, पण तिला लावता येत होती. आताची खरी होती आणि तिला लावता येत नव्हती. मी मुलीला फोन केला, स्पीकरवर ठेवला आणि झालेलं सगळं सांगितलं.

"आत्या, मले मायची आठवन नाई," मुलगी म्हणाली. "तूच वाढवली. म्हनून तर तुहा फोटो देल्ला. दुसरा व्हिडिओ पाठवा ताई, मी हाच सगळ्यायले टाकतो."

"टाकू नोको!" आत्या ओरडल्या.

"टाकतो."

मी पाठवला, तिनं टाकला. आत्या पुढची बस पकडून गेल्या. जाताना म्हणाल्या, "पयला माह्या मोबाईलमंदी राहू दे. तू तुह्याकडचा मिटवून टाक." मी मिटवला. का ठेवायचा होता त्यांना, हे विचारायचं धाडस झालं नाही.

हळदीला मलाही बोलावणं होतं. गेले. दवनीवाड्यात त्यांच्या अंगणात जांभळाच्या फांद्यांचा मांडव होता. वर ऊन लागू नये म्हणून निळी ताडपत्री टाकलेली, त्यामुळे सगळ्यांचे चेहरे निळसर दिसत होते. सोनेरी वगैरे काही नव्हतं. स्पीकर मोठ्यानं वाजत होता. आत्या मागे चुलीपाशी होत्या, हळद त्यांनीच कालवली होती, दोन्ही हात मनगटापर्यंत पिवळे.

मुलगी पाटावर बसली आणि म्हणाली, "आत्याले बलवा."

"लावली ना मी," आत्या मागूनच म्हणाल्या. "व्हिडिओत लावली. साऱ्या गावानं पायली. पुरे झालं."

हे ऐकून मला धक्का बसला. मुलीलाही. तिचा चेहरा रडवेला झाला. तिनं केलं होतं ते आत्याला पुढे आणायला, आणि त्यानंच आत्याला मागे राहायचं कारण मिळालं होतं. मी दोषी होते की नव्हते, मला ठरवता येईना.

मग बायकांत वाद लागला. एक म्हणाली, पायाला लावली तर चालते. दुसरी म्हणाली, पायालाही नाही. तिसरी म्हणाली, तिच्या माहेरी कोणीही लावतं, कोणी विचारत नाही. प्रत्येकीचा नियम वेगळा आणि कोणालाच खात्री नाही. शेवटी एका म्हातारीनं विचारलं, "व्हिडिओत कोठं लावली होती व?"

खरोखर कोणीतरी मोबाईल काढला. दहा-बारा बायका वाकून बघू लागल्या. माझ्या प्रॉम्प्टमधलं एक वाक्य त्या जुन्या कागदासारखं तपासत होत्या.

"गालाले लावली," म्हातारीनं जाहीर केलं. "मंग गालालेच लाव. आता एकदा लावलीच हाये तं."

मी म्हणणार होते की अहो, ते मी नुसतं लिहिलं होतं, काहीही लिहिता आलं असतं.

आत्या आल्या. हात पदराला पुसायला गेल्या, पण मुलीनं त्यांचं मनगट धरलं. आंब्याचं पान कोणी आणलं नाही. त्यांनी दोन्ही तळव्यांनीच भाचीच्या गालाला हळद लावली, फार पटकन, चपाती उलटल्यासारखी, आणि लगेच परत चुलीकडे गेल्या. दोन बायका तोंड फिरवून बसल्या होत्या. एक रडत होती. नवरीचे वडील मांडवाच्या खांबाशी उभे राहून ताडपत्रीची दोरी विनाकारण पुन्हा पुन्हा आवळत होते.

जेवताना आत्यांनी मला वरण वाढलं. मी म्हटलं, "मावशी, बरं वाटलं का?"

"मालूम नाई बाई," त्या म्हणाल्या. "भात घे अजून."

तेव्हापासून टीझर घेताना मी एक प्रश्न विचारते: हळद कोण लावणार? सोपा वाटतो. पण बहुतेक लोक उत्तर द्यायच्या आधी एकमेकांकडे बघतात. परवा नागऱ्याहून नवरा-नवरी दोघंही आले होते. मी विचारलं, तर मुलगा काही बोलायला गेला आणि मुलीनं त्याच्या हातावर हात ठेवला. "थांबा," ती मला म्हणाली, "घरी विचारून सांगतो." अजून त्यांचा फोन आलेला नाही.